आशाताईंच्या दिवसभराच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्स: घड्याळ आणि गटकामाच्या सूचना (मदत हवी आहे)

रानजाई
नमस्कार. ३६ आशाताईंचं नवजात बाळाच्या गृहभेटींवर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचंय, १० ते ५. सहा-सहा जणींचे सहा गट. गटकामाच्या प्रत्येक स्लाइडवर सूचना आणि उलटं चालणारं घड्याळ हवंय. मी दहा चौकोन ठेवलेत, दर मिनिटाला एक नाहीसा होतो (Disappear, After Previous, Delay 01:00). पण मध्येच क्लिकर दाबला गेला की घड्याळ मोडतं. मागच्या स्लाइडवर जाऊन आलं की पुन्हा दहापासून सुरू. गटांना दोन मिनिटं वाढवून द्यायची तर कशी द्यायची? सभागृहात इंटरनेटचा भरवसा नाही.

शिवाय सूचना सात ओळींच्या झाल्यात. आणि बाळाचा व्हिडिओ बघून मिनिटभर श्वास मोजायचा सराव आहे, तिथेही ६० सेकंदांचं घड्याळ लावतेय. ठीक आहे ना?

डोंगरवाट
Rehearse Timings वापरा. एकदा सगळं बोलून बघा, मग स्लाइड्स आपोआप पुढे सरकतात.

रानजाई
दादा, मला स्लाइड सरकायला नकोय, गटांचं काम होईपर्यंत ती तिथेच थांबायला हवीय.

पाटीपेन्सिल
सोपं आहे. Transitions मध्ये On Mouse Click ची खूण काढून टाका. मग कितीही दाबा, स्लाइड हलणार नाही.

जुना_प्रशिक्षक
पाटीपेन्सिल, त्याने फक्त माउसचं क्लिक थांबतं. बहुतेक क्लिकर Page Down पाठवतात आणि कीबोर्डच्या कळा तरीही चालतात. गटकाम सुरू झालं की क्लिकर बंद करून टेबलावर ठेवायचा, मी तरी हेच करतो.

रानजाईताई, तुमची घड्याळाची कल्पना चांगली आहे, फक्त ते स्लाइड येताक्षणी सुरू होऊ देऊ नका. स्लाइडवर ‘सुरू’ असा एक आकार काढा आणि पहिल्या चौकोनाच्या अ‍ॅनिमेशनला Trigger, On Click of मधून तो आकार जोडा. बाकीचे चौकोनही त्याच Trigger खाली त्याच्या मागोमाग यायला हवेत, Animation Pane मध्ये बघून घ्या. मग सूचना वाचून झाल्या, ‘आम्ही काय करायचं?’ हे विचारून झालं, की माउसने ‘सुरू’ दाबायचं. नाहीतर पहिली दोन मिनिटं खुर्च्या सरकवण्यातच जातात.

वाढीव वेळेसाठी त्याच सूचना आणि दोनच चौकोन असलेली स्लाइड करून लपवून ठेवा. ती २३वी असेल तर शो चालू असताना 23 टाइप करून Enter. लपवलेली स्लाइडही उघडते. क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

सूचना तीनच ओळी ठेवा: काय करायचं, किती वेळात, शेवटी हातात काय हवं. उदाहरणार्थ: ‘कार्डावरचं बाळ दवाखान्यात जन्मलंय. सहा भेटींचे दिवस तक्त्यावर लिहा. १० मिनिटं, गटाचा एक तक्ता.’ ३, ७, १४, २१, २८, ४२ हे उत्तर पुढच्या स्लाइडवर. कार्डं मात्र सूचना सांगून झाल्यावरच वाटा, हातात कागद आला की पडद्याकडे कोणी बघत नाही.

गटप्रवर्तक_ताई
श्वास मोजताना पडद्यावर घड्याळ लावू नका. गावात ताईकडे पडदा नसतो, किटमधलं घड्याळ असतं. नजर बाळाच्या पोटावर ठेवून घड्याळाकडेही लक्ष द्यायचं, हेच तर अवघड जातं. तुम्ही पडद्यावर सेकंद दाखवले की तेवढाच सराव बुडतो. व्हिडिओ दीड मिनिटाचा तरी ठेवा आणि आपापल्या घड्याळावर मोजायला सांगा. मग सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा. एकीचे ५२ आणि दुसरीचे ६४ आले की बोलायला विषय मिळतो, कारण ६० किंवा जास्त आले तर परत मोजायचं असतं.

कोकणकडा
माझ्या जुन्या स्लाइड्स दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की मराठीच्या जागी चिन्हं दिसतात. यावर उपाय?

जुना_प्रशिक्षक
मजकूर युनिकोडमध्ये नसणार. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

रानजाईताई, एक राहिलं. सहा गटांना सादरीकरणाला पाच-पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास, तोही प्रत्येक गटकामानंतर. असे चार उपक्रम असतील तर दोन तास नुसत्या सादरीकरणात. एका गटाला बोलू द्या, बाकीच्यांनी फक्त वेगळं काय ते सांगावं.

गटप्रवर्तक_ताई
याला माझा विरोध आहे. लाजणाऱ्या ताई तेवढ्या पाच मिनिटांतच बोलतात. उपक्रम तीन करा, पण सगळ्या गटांना पुढे येऊ द्या.

रानजाई
दोघांचेही आभार. Trigger जोडून पाहिला, काम झालं. श्वासाच्या स्लाइडवरचं घड्याळ काढलं. सादरीकरणाचं अजून ठरत नाहीये. तक्ते भिंतीवर लावून सगळ्यांनी फिरून बघायचं आणि प्रत्येक तक्त्याजवळ त्या गटाच्या एका ताईने सांगायचं, असं कोणी केलंय का? ३६ जणी फिरायला किती वेळ धरू?