परीक्षेची सुट्टी तीन महिने आधी सांगून मी चूक केली का?

मीनल_ऐरोली: एमकॉमचे पाच पेपर मेमध्ये, ५, ७, ९, १२, १४. सरांना फेब्रुवारीतच सांगितलं तर "बघू" म्हणाले. मैत्रीण म्हणते एवढ्या आधी बोलून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास.

सुहास_कोपरी: बरोबर बोलली मैत्रीण. मी आधी सांगितलं तर नेमकं त्याच आठवड्यात ऑडिट लावलं होतं. तेव्हापासून आदल्या रात्री ताप येतो मला.

रोस्टरवाली: सुहास, तुमचा ताप आला की कुणालातरी डबल शिफ्ट पडते, ते फोन मला करावे लागतात. महापेला बारा वर्षं रोस्टर लावतेय. मीनल, "बघू" म्हणजे मंजूर नाही गं. तोंडी सांगितलेलं रोस्टर लावताना कुणाला आठवत नाही, मेल टाक. पेपरचे पाच दिवस वेगळे लिही, हे हलणार नाहीत म्हणून, आणि अभ्यासाचे तीन दिवस वेगळे, मागेपुढे चालतील म्हणून. साहेब कापाकापी करणारच, ती त्या तिनात होऊ दे. हॉलतिकीट आलं की त्याच मेलवर जोड आणि रजेच्या पोर्टलला तारखा परत तपास. आमच्या एका मुलीचा पेपर दोन दिवस पुढे गेला, पोर्टलला जुनीच तारीख, पेपरच्या दिवशी बाईसाहेब ड्युटीवर.

कोकणी_कळवा: गणपतीला मात्र न विचारता आठ दिवस मिळतात लोकांना.

सुहास_कोपरी: न विचारता? साठ दिवस आधी पहाटे उठून रिझर्वेशनला बसतो आम्ही!

कोकणी_कळवा: मीपण कोकणातलाच आहे, मला नका शिकवू. तिकीट दाखवलं की साहेब विरघळतो, हॉलतिकीट दाखवलं की "आता कशाला शिकतेस" म्हणतो. माझ्या बायकोला ऐकवलंय हे.

सुहास_कोपरी: वर्षातून एकदा गावी जातो त्यावर पण डोळा का तुमचा?

हक्क_ठाणे: भांडताय कशाला, २०१७चा दुकाने आस्थापना कायदा आहे, स्टडी लीव्ह द्यावीच लागते.

रोस्टरवाली: कुठे लिहिलंय? त्यात वर्षाला ८ सीएल आहेत, त्याही तिमाहीने जमा होतात. आमच्याकडे तिमाही लागली की दोन पडतात, म्हणजे मेपर्यंत हातात चारच. बाकी वीस दिवसांमागे एक रजा, पण वर्षात २४० दिवस भरलेले हवेत.

हक्क_ठाणे: बरं, स्टडी लीव्ह नसेल. पण द्यायला हवी.

मीनल_ऐरोली: मी गेल्या ऑगस्टमध्ये लागले, २४० कुठून होणार. आणि संक्रांतीला एक सीएल घेतली 😐

रोस्टरवाली: मग तीन उरल्या. दोन पेपर बिनपगारी धर आणि मेलमध्ये आत्ताच तसं लिही, मेमध्ये पगार कापल्यावर नको. अभ्यासाच्या तीन दिवसांसाठी मार्च-एप्रिलमध्ये तुझ्या सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी शिफ्ट घे, कॉम्प-ऑफ साठव. तुमच्याकडे तो किती दिवसांत संपतो ते मात्र एचआरला विचार.

सुहास_कोपरी: टाका मेल. ऑडिट लागलं तर मला आठवा.

कोकणी_कळवा: आणि गणपतीचं तिकीट जोडा, लगेच मंजूर.