मदत हवी आहे: लग्नाच्या गोंगाटात काकाजींना आपली ओळख कशी द्यायची?

काचबिंदूमुळे आमच्या काकाजींची बाजूची नजर गेली आहे. समोर धरलेला पेपर वाचतात, म्हणून लोकांना वाटतं सगळंच दिसतं. सीताबर्डीवर कुणीतरी बाजूने येऊन खांद्यावर थाप मारतं, वरून "ओळखा पाहू कोण!" ते दचकतात, हातातली काठी सुटते. घरी आम्ही आधी त्यांना हाक मारतो, मग नाव सांगतो: "काकाजी, मी महालची सुषमा." हात त्यानंतर. निघतानाही सांगतो, नाहीतर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात.

आता घरात लग्न आहे आणि डीजेपुढे हाक ऐकूच जात नाही. तिथे त्यांच्या तळहाताच्या मागच्या बाजूला हलका स्पर्श करत कानाजवळ नाव सांगावं का? की शेजारी बसलेल्यानेच येणाऱ्याचं नाव सांगत जावं? ज्यांना स्वतःला कमी दिसतं, त्यांनी जरूर सांगा.