००–२९ की ००–३०?

«यादृच्छिक अंक वापरून ग्राहकांच्या रांगेचे सिम्युलेशन करताना, सेवेला २ मिनिटे लागण्याची संभाव्यता ०.३० आहे, म्हणून त्या वेळेला ०० ते ३० हे अंक दिले. एकूण प्रतीक्षा ५ ऐवजी ४ मिनिटे का येते?»

०० ते ३० मोजून पाहिल्यास ३१ संख्या भरतात. संचयी संभाव्यता ०.३०, ०.८० आणि १.०० असल्यास वरची मर्यादा नेहमी एकने कमी ठेवावी, म्हणजे २ मिनिटांना ००–२९, ३ मिनिटांना ३०–७९ आणि ४ मिनिटांना ८०–९९.

समजा, ग्राहक ०, २ आणि ४ या मिनिटांना आले आणि सेवेसाठी यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून ८४, ३०, १२ हे अंक मिळाले. आगमन आणि आधीच्या ग्राहकाची सेवा संपण्याची वेळ यांपैकी जी नंतरची, तीच सेवेची सुरुवात. पहिल्याची सेवा ४ ला संपते. दुसरा २ मिनिटे थांबून ७ ला मोकळा होतो. तिसरा ३ मिनिटे थांबून ९ ला. तुम्ही केलेल्या वाटपात ३० या अंकाला २ मिनिटे मिळाल्यामुळे दुसरा ६ लाच सुटतो आणि तिसऱ्याची प्रतीक्षा २ वर येते.

चौथा ग्राहक १० ला आला, तर सेवेची खिडकी दोन्ही गणितांत रिकामीच असते आणि पुढच्या ओळी पुन्हा जुळू लागतात. ही चूक सहज नजरेआड होते ती त्यामुळेच. म्हणून सिम्युलेशनचा तक्ता भरण्यापूर्वी प्रत्येक वर्गांतरातील संख्या मोजाव्यात.