सभेच्या गर्दीच्या फोटोत तीच माणसं दोनदा दिसतायत, तपासायचं कसं?

पारावरचा: आमच्या तालुक्याला परवा सभा झाली, पक्ष सांगत नाही नाहीतर धागा तिकडेच जाईल. ड्रोनचा म्हणून एक फोटो फिरतोय, खाली लिहिलंय "२ लाखांचा जनसागर". त्यात डाव्या कोपऱ्यात निळा शर्टवाला हात वर करून मोबाइल धरलेला आणि त्याला खेटून डोक्याला रुमाल बांधलेला एक जण आहे, आणि हीच जोडी मला मधल्या बाजूलाही दिसतेय. भास आहे का खरंच चिकटवलंय? फुकटातलं काही सुचवा. आणि त्या मैदानात २ लाख मावतात का हे कसं काढायचं?

गणपा: सोपंय, फोटोच्या प्रॉपर्टीज उघड, फोटोशॉपचं नाव दिसलं की विषय संपला.

डेस्कवाला: गणपा, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती माहिती उरतच नाही आणि फोटो लहान होतो तो वेगळाच. शिवाय पेपरात छापलेला प्रत्येक फोटो क्रॉप करायला, उजेड वाढवायला फोटोशॉपमधून गेलेला असतो, त्याने काही सिद्ध होत नाही.
पारावरचा, आधी गूगल लेन्सला टाकून बघ, अर्ध्या वेळा फोटो दुसऱ्याच गावचा, दुसऱ्याच वर्षीचा निघतो आणि पुढचं सगळं वाचतं. तसा नसेल तर मोठ्या साइजची फाइल मिळव, ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागव. मग Forensically नावाची साइट आहे, ब्राउझरमध्येच चालते, त्यात Clone Detection. सारखे वाटलेले तुकडे ते रेषांनी जोडून दाखवतं. घाबरू नकोस, पांढऱ्या टोप्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, झेंडे यांच्यावर ते उगाच रेषा मारणारच, त्या इकडेतिकडे कशाही जातात. खरी चिकटवाचिकटवी असली तर रेषांचा जुडगा एकाच दिशेला आणि एकाच लांबीचा दिसतो, कारण अख्खा तुकडा उचलून एकाच अंतरावर ठेवलेला असतो.
तुकडा उलटा करून किंवा थोडा मोठा करून लावला असेल तर ते टूल सहसा चुकतं, तिथे डोळेच वापरायचे. एक चेहरा जुळला तर सोडून दे, शेजारचे चार-पाच जण त्याच क्रमाने आणि त्याच पोजमध्ये आहेत का बघ. तू जोडी पकडलीस ते बरोबरच आहे.

स्मिता_क: आमच्या शाळेच्या गेटटुगेदरच्या फोटोत माझा भाऊ दोनदा आलाय!! कोणी एडिट केला असेल?

डेस्कवाला: स्मिता, पॅनोरमा होता का? फोन फिरवेपर्यंत माणूस पळत दुसऱ्या टोकाला गेला की दोनदा येतो. पण मग त्याची पोज थोडी वेगळी असते.

पारावरचा: मूळ फाइल नाही मिळाली, पण त्यांच्या पेजवरून मोठा फोटो उतरवला. रेषांचा जुडगा आला, सगळ्या एकाच दिशेला. मैदान गूगल अर्थवर मोजलं, १५० बाय ९० मीटर. पुढे काय?

डेस्कवाला: म्हणजे १३,५०० चौरस मीटर. २ लाखांना भाग, मीटरला जवळपास १५ माणसं येतात. रेल्वेवाले पीक अवरच्या लोकलला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात तो १४ ते १६, म्हणजे स्टेजसकट अख्खं मैदान विरार लोकल झालेलं हवं आणि तेही तासन्‌तास! स्टेज, त्याच्यासमोर सुरक्षेसाठी रिकामी ठेवतात ती डी, मधल्या वाटा काढून ९,००० धर. खुर्च्यांवर मीटरला दोन जण म्हणजे १८ हजार, दाटीने उभे चार धरले तरी ३६ हजार. मात्र दाटी ड्रोनने सरळ वरून घेतलेल्या फोटोवरून ठरव, स्टेजवरून लांबच्या लेन्सने काढलेल्यात मधल्या मोकळ्या जागा गायब होतात.
आणि दोन गोष्टी वेगळ्या ठेव. चिकटवतात ते बहुतेक भोक बुजवायला. २००४ मध्ये बुशच्या प्रचाराच्या जाहिरातीत सैनिकांच्या गर्दीतून स्वतः बुश आणि पोडियम काढून तिथे तेच सैनिक पुन्हा लावले होते, नंतर प्रचारवाल्यांनी कबूलही केलं. गर्दी खरी होती. म्हणून तुकडा सापडला म्हणून आकडा खोटा ठरत नाही, आणि फोटो स्वच्छ असला तरी आकडा थापेचा असू शकतो.

गणपा: पण लोक येत-जात असतात ना, एका फोटोत एकाच वेळची गर्दी येते. हाँगकाँगला १६ जून २०१९ च्या मोर्चात आयोजक म्हणाले २० लाखांच्या आसपास, पोलीस म्हणाले गर्दी सगळ्यात जास्त होती तेव्हा ३ लाख ३८ हजार.

डेस्कवाला: हे बरोबर बोललास, चालत्या मोर्चात एका जागी उभं राहून मिनिटाला किती जण जातात ते मोजावं लागतं. पण इथे बसलेली सभा आहे आणि दावा त्या फोटोखालीच लिहिलाय.

पारावरचा: केबलवाल्याच्या व्हिडिओत त्या मधल्या जागी रिकाम्या खुर्च्या दिसतायत. फक्त तो भाषणाच्या आधीचा का नंतरचा ते कळत नाही.

डेस्कवाला: खांबाची सावली दोन्हीकडे जुळते का?

पारावरचा: दिवेलागणीची सभा हो, सावल्याच नाहीत. स्टेजवर कोण बसलंय त्यावरून जमतंय का बघतो.