मदत हवी आहे : डिलिव्हरीचा आयडी कायमचा बंद केला आणि पैसेही कापले, अपिलात नेमके काय लिहावे?

दुचाकी_आणि_पिशवी

नमस्कार. मी गेली दोन वर्षे एका डिलिव्हरी अ‍ॅपवर काम करतो. मागच्या सोमवारी सकाळी लॉगिन करताना आयडी बंद झाल्याचे दिसले. संदेशात एवढेच होते की, ‘ऑर्डर न मिळाल्याच्या वारंवार तक्रारी आल्याने सेवाशर्तींच्या फसवणूकविषयक कलमानुसार खाते कायमचे बंद करण्यात आले आहे, अपील दहा दिवसांत करता येईल.’ त्यातले चार दिवस गेले आहेत.

गेल्या महिन्यात मी ४१२ ऑर्डर पोचवल्या आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांपैकी तीन ऑर्डरींविषयी तक्रार आहे. पहिली ऑर्डर ग्राहकाने ओटीपी सांगितल्यावरच पूर्ण झाली होती. दुसरीत ‘दाराशी ठेवा’ अशी सूचना होती, म्हणून मी ती ठेवून अ‍ॅपमधूनच फोटो काढला. तिसरीत नकाशावरची खूण इमारतीच्या पुढच्या बाजूला होती. ग्राहकाने फोन करून मागच्या फाटकाशी बोलावले आणि मी तिथे पिशवी हातात दिली. याच महिन्यात माझे रेटिंग ४.८२ वरून ४.६२ वर आले. शेवटच्या आठवड्याच्या हिशेबात चार वजावटी दिसतात आणि उरलेली रक्कम अडवून ठेवलेली आहे. अ‍ॅप उघडत नसल्याने जुन्या ऑर्डरींचा तपशील मला पाहता येत नाही. अपिलाच्या चौकटीत फक्त हजार अक्षरे मावतात. कृपया मार्गदर्शन करावे.

चौथा_गिअर

मूळ कारण रेटिंग आहे, तक्रारी हे निमित्त. रेटिंग घसरू लागले की आयडी जातो, हे मी तीन-चार मित्रांच्या बाबतीत पाहिले आहे. अपिलात सविस्तर माफी मागा आणि पुढे रेटिंग सुधारण्याची हमी द्या. तोवर घरातल्या कोणाच्या तरी नावाने नवा आयडी काढून काम चालू ठेवा. सगळे तेच करतात.

खिडकीतली_तुळस

माझीही एक ऑर्डर आली नव्हती आणि परतावा मिळायला तीन आठवडे लागले. तुम्ही ग्राहकसेवेच्या चॅटवर ‘रिफंड’ हा पर्याय निवडून पाहिलात का?

दुचाकी_आणि_पिशवी

@खिडकीतली_तुळस, मी ग्राहक नाही, ऑर्डर पोचवणारा आहे. आमच्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय नसतो.

शर्ती_वाचणारा

मी काही वर्षे रायडरांच्या संघटनेत अपिले लिहून देण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी रेटिंगचा प्रश्न निकाली काढू. तुमच्या शर्तींत सरासरी कशी काढतात आणि किमान मर्यादा किती आहे, हे पाहून सांगा. अनेक ठिकाणी शेवटच्या शंभर रेटिंगांची सरासरी धरतात. तसे असेल, तर पाच ताऱ्यांच्या जागी एक तारा आला की सरासरी ०.०४ ने उतरते. तीन तक्रारदारांनी एकेकच तारा दिला असे धरले, तरी तुम्ही ४.७० वर आला असता. ४.६२ पर्यंतची घसरण साधारण पाच एकतारी रेटिंगांची आहे. म्हणजे उरलेली दोन दुसरीकडून आली आहेत, बहुधा उशिरा तयार झालेल्या ऑर्डरींची. मुख्य म्हणजे संदेशात रेटिंगचे कलम लावलेलेच नाही. रेटिंगच्या कलमात सहसा आधी इशारा आणि सुधारण्याची मुदत असते, फसवणुकीच्या कलमात खाते तत्काळ बंद करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. म्हणून हजारांतले एक अक्षरही रेटिंगवर खर्च करू नका. जे कलम लावले आहे त्यालाच उत्तर द्या.

माफीही मागू नका. आपल्याकडे सौजन्य म्हणून ‘चूक झाली असल्यास क्षमस्व’ असे लिहिण्याची सवय असते, पण अपील तपासणारा माणूस दोन-तीन मिनिटांत निर्णय देतो आणि ते वाक्य त्याला कबुलीसारखे दिसते. दुसऱ्याच्या नावाचा आयडी तर मुळीच नको. फोन तोच, बँक खाते तेच आणि अधूनमधून चेहऱ्याची पडताळणी. जोडणी सापडली की फसवणुकीचा आरोप, जो आज कदाचित खोटा आहे, तो खरा ठरतो.

तिन्ही तक्रारींचे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. ओटीपीची ऑर्डर सर्वांत आधी लिहा, कारण तो आकडा ग्राहकाने सांगितल्याशिवाय तुमच्या हाती येऊच शकत नव्हता. नंतर फोटोची. फाटकाची ऑर्डर शेवटी लिहा, कारण तिथे नोंद तुमच्या विरुद्ध बोलते : ‘पोचवले’ हे बटण तुम्ही खुणेपासून दूर दाबले, आणि यंत्रणेला नेमके तेच संशयास्पद वाटते. मात्र ग्राहकाचा फोन त्याचा खरा क्रमांक लपवणाऱ्या अ‍ॅपच्या क्रमांकावरून आला असेल, तर त्याची वेळ कंपनीकडेच नोंदलेली असते. अंदाजे वेळ देऊन ती नोंद तपासण्याची मागणी करा. अ‍ॅप बंद असले तरी ऑर्डर क्रमांक साप्ताहिक हिशेबाच्या ईमेलमध्ये सापडतील.

दुचाकी_आणि_पिशवी

मनापासून आभार. सरासरी शेवटच्या शंभरांचीच आहे आणि मर्यादा ४.५ आहे, म्हणजे मी तिच्या वरच आहे. ऑर्डर क्रमांक ईमेलमध्ये मिळाले. चार वजावटींपैकी तीन या ऑर्डरींच्या किमतीएवढ्या आहेत, चौथी कशाची ते कळत नाही.

रात्रपाळी

माझाही आयडी मागे बंद झाला होता आणि अपील न करता दोन दिवसांत सुरू झाला. विम्याची मुदत संपली होती, नवा कागद चढवताच काम झाले. त्यामुळे फार काळजी करू नये.

शर्ती_वाचणारा

@रात्रपाळी, आपले खाते तात्पुरते थांबवले होते. इथे ‘कायमचे’ हा शब्द आहे आणि मुदत पळते आहे, म्हणून वाट पाहणे परवडणार नाही.

चौथी वजावट बहुधा शेवटच्या दिवशी ग्राहकांकडून रोख घेतलेल्या आणि जमा न केलेल्या रकमेची असेल. आकडा जुळला तर तिच्यावर वाद घालू नका. ते पैसे कंपनीचेच आहेत आणि तो मुद्दा मिसळला की बाकीच्या तीन वजावटींचा दावा कमकुवत होतो. त्या तीन वजावटींसाठी मात्र अपिलाबाहेर स्वतंत्र तक्रार नोंदवा. खाते परत मिळणे आणि पैसे परत मिळणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली फेटाळली गेली तरी दुसरी टिकू शकते. अडवलेली रक्कम सोडताना ‘माझा कोणताही दावा शिल्लक नाही’ अशी खूण करायला सांगतात, ती वाचल्याशिवाय करू नका.

तुम्ही कुठे काम करता हे लिहिलेले नाही, आणि कायद्याचा आधार त्यावर ठरतो. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात काम संपवण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना अपेक्षित आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार खाते बंद करण्याचा निर्णय माणसाने घ्यावा लागतो आणि फेरविचाराच्या अर्जाला दोन आठवड्यांत उत्तर द्यावे लागते. सदस्य देशांना तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. असा कायदा नसेल तिथे शर्तींतले तक्रारनिवारणाचे कलम हाच मुख्य आधार उरतो.

चौथा_गिअर

नव्या आयडीचा सल्ला मी मागे घेतो. पण रेटिंगचा संबंध अजिबात नाही, हे मला पटत नाही. कमी रेटिंग असलेल्याविरुद्धच्या तक्रारीवर कंपनी लवकर विश्वास ठेवत असावी.

शर्ती_वाचणारा

तसे असूही शकते. आतला हिशेब बाहेरून दिसत नाही. अपिलात मात्र सांगितलेल्या कारणालाच उत्तर देता येते.

दुचाकी_आणि_पिशवी

बारा दिवसांनंतर कळवतो. चौथी वजावट रोख रकमेचीच निघाली. अपील आणि पैशांची तक्रार मी वेगवेगळी पाठवली. ओटीपीच्या आणि फोटोच्या ऑर्डरींची वजावट रद्द झाली आहे, फाटकाच्या ऑर्डरीची कायम आहे. फोनच्या नोंदीविषयी त्यांनी एक शब्दही लिहिलेला नाही, त्यामुळे ती मागणी मी पुन्हा पाठवली आहे. खात्यासमोर ‘कायमचे बंद’ऐवजी आता ‘पुनर्विलोकन चालू’ असे दिसते, पण त्याला किती दिवस लागतील याचे उत्तर मिळालेले नाही. अशा टप्प्यावर कोणाला किती थांबावे लागले?