बाल्कनीचं मागचं टोक का जखडायचं?

"काका, बाल्कनी भिंतीवर टेकलेलीच असते, मग मागचं टोक कशाला जखडायचं?"

अरे, भिंत खालून आधार देते, फिरणं थांबवत नाही. १२५ मिमी जाडीची, १.२ मीटर बाहेर आलेली, एक मीटर रुंद पट्टी घे. माणसांसकट ८४० किलो, भिंतीपासून सरासरी ०.६ मीटरवर. मागे स्लॅब १.५ मीटर असेल तर ते टोक ३३६ किलोंनी वर उचललं जातं. (कठडा यात धरलेला नाही, तो अगदी टोकावर असल्याने आणखी ओढतो.) मागच्या स्लॅबचं वजन त्यातले जेमतेम २३४ किलो तोलतं. बाकीचं मागच्या बीममध्ये नीट गुंतवलेल्या सळ्यांनीच धरायचं. ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वर. काँक्रीट ओतताना त्या पायाखाली दबल्या, की पुढे भिंतीलगत, वरच्या अंगाला, भिंतीला समांतर चीर पडते.