हवदालासाठी वेणीची मेणबत्ती नाही, वाइनही नाही: मदत हवी आहे

ठाणेकर:
आम्ही बेने इस्राएल. आजवर शनिवारी रात्री हवदाला आजोबाच करायचे. आता घरी मला करायचा आहे. वेणीसारखी वळलेली मेणबत्ती इथे मिळाली नाही आणि आई वाइन घेत नाही. साध्या मेणबत्तीवर आणि मनुकांच्या शरबतावर चालेल का? क्रमही सांगा.

शब्बाथप्रेमी:
एका वातीची मेणबत्ती अजिबात चालत नाही. बराखा फुकट जाते.

मोठीमावशी:
असं नाही बाळा. दुसरं काही नसेल तर एका वातीवरही बराखा होते. मशालीसारखा जाळ असणं चांगलं, म्हणून अनेक वाती. दोन साध्या मेणबत्त्या तिरप्या धर, ज्योती एकमेकींना भिडून एक झाल्या की झालं. ट्यूबलाइट बंद कर. त्या उजेडात दोन वेगळी नाणी ओळखता यायला हवीत, एवढ्या जवळ धर.

क्रम असा: तीन तारे दिसले की (पावसाळ्यात सिनगॉगच्या कॅलेंडरातली वेळ बघ) पेला उजव्या हातात घे. आधी वाइनची, ‘बोरे पेरी हगेफेन’. पण प्यायचं नाही. मग पेला डाव्या हातात, उजव्यात लवंग-दालचिनी. बराखा म्हणून वास घे आणि सगळ्यांना दे. मग ‘बोरे मेओरे हाएश’, आणि बोटं वळवून नखांवर उजेड पाडून बघ. शेवटी पेला परत उजव्या हातात, ‘हमव्दील’ची बराखा, आणि मग बसून पी. मध्ये बोलू नकोस.

लोकलवाला:
मी शनिवारी रात्री ड्यूटीवर असतो, रविवारी सकाळी घरी येतो. माझा तर दर आठवड्याला राहूनच जातो.

मोठीमावशी:
राहत नाही. मंगळवारी सूर्य मावळेपर्यंत करता येतो. मात्र तेव्हा मसाले आणि मेणबत्तीच्या बराखा नाहीत, फक्त वाइन आणि ‘हमव्दील’. हवदाला होईपर्यंत खाणं मात्र टाळायचं.

ठाणेकर:
आभारी आहे मावशी. आणि शरबत?

मोठीमावशी:
आपल्याकडे किद्दुशला काळ्या मनुकांचंच शरबत करतात, हवदालालाही तेच. मनुका रसाळ हव्यात. दाबल्यावर स्वतःचा ओलावा सुटला पाहिजे. कडक, वाळून कोळ झालेल्या नकोत. वाटीभर मनुकांना तीन वाट्या पाणी घे. भिजव, कुस्कर आणि शुक्रवारी दुपारीच गाळून ठेव. शब्बाथला पिळायचं नसतं. पाणी वाढवत गेलीस की ती वाइनची बराखा राहत नाही. पेल्यात निदान ८६ मिलीलिटर मावायला हवं.

शब्बाथप्रेमी:
मनुका तीन दिवस भिजवायला हव्यात, असं मी ऐकलंय.

मोठीमावशी:
तसं पाळणारे आहेत. माझ्या माहेरी रात्रभरच भिजवत.

ठाणेकर:
मावशी, मी मुलगा आहे :) बुधवारी भिजत घालतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी निश्चिंत. पण तीन वाट्या पाणी मोजायचं ते कोरड्या मनुकांच्या वाटीला की फुगलेल्या?

मोठीमावशी:
त्यावर जाणत्यांत मतभेद आहेत. मी कोरड्याच मोजते.